हायड्रॉलिक लाइनचा साइझ ऑइलच्या वेगावरून कसा ठरवायचा: सक्शन, प्रेशर आणि रिटर्न

वागळे इस्टेट असो की रबाळे-महापे, नवा पॉवर पॅक बांधताना लाइनचा साइझ बहुतेक वेळा पोर्ट बघून ठरतो. पोर्टला सहा सुती आटे दिसले की सहा सुती लाइन ओढायची, एक इंची दिसले की एक इंची. पंप ४० लिटरचा म्हणून सगळ्या लाइन ४० लिटरच्या, हा त्याच्या पुढचा हिशोब. या दोन सवयींमुळे सकाळी पंप ओरडतो, रिटर्न फिल्टर वरचेवर बदलावा लागतो आणि दुपारी ऑइल तापते. दोष मात्र पंपाला किंवा ऑइलला दिला जातो.

पोर्ट हे पंप बनवणाऱ्याने त्याच्या सोयीने ठेवलेले भोक असते. लाइनचा आतला व्यास त्या लाइनमधून खरोखर किती ऑइल जाणार आणि ते किती वेगाने जाऊ द्यायचे यावरून काढायचा असतो. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम उलटला की हिशोब बरोबर येऊनही पाईप चुकीचा येतो.

उदाहरण एकच घेऊ: उभा सिलिंडर असलेला छोटा प्रेस. पंप २८ सीसी, मोटर १४४० आरपीएम, सिलिंडरचा बोअर १६० मिमी, रॉड ११० मिमी, दाब १८० बार, ऑइल व्हीजी ६८. पंप टाकीच्या वर बसवलेला आहे.

## १. कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी

सहा गोष्टी लिहून काढा: पंपाचे सीसी, मोटरचे आरपीएम, सिलिंडरचा बोअर, रॉडचा व्यास, कामाचा दाब आणि ऑइलचा ग्रेड. सातवी गोष्ट कोणी लिहीत नाही, पण सक्शनसाठी तीच सर्वांत महत्त्वाची असते. ती म्हणजे शेडमधल्या ऑइलचे सर्वांत थंड तापमान. ठाणे-नवी मुंबईत थंडी नसते असे आपण धरून चालतो, पण जानेवारीतल्या पहाटे पत्र्याच्या शेडमध्ये रात्रभर उभ्या राहिलेल्या टाकीतले ऑइल २० अंशांवर किंवा त्याखालीही असते.

पंपाचा फ्लो नेमप्लेटवरून उचलू नका. तिथला आकडा कधी १००० आरपीएमला दिलेला असतो, कधी १५०० ला, आणि आयात पंपावर तो गॅलनमध्ये असतो. सीसी घ्या, आरपीएमने गुणा, हजाराने भागा. आपल्या पंपाचे २८ × १४४० ÷ १००० म्हणजे ४०.३ लिटर प्रति मिनिट येतात. ४० धरू. व्हॉल्यूमेट्रिक एफिशियन्सी इथे वजा करायची नाही, कारण सक्शन लाइनला पूर्ण ऑइल ओढावे लागते.

तपासणी: रॉडचा व्यास ड्रॉइंगवरून न घेता व्हर्नियर लावून मोजा. दुरुस्तीच्या वेळी रॉड बदललेला असू शकतो, आणि पुढच्या टप्प्याचा सगळा हिशोब त्यावर उभा आहे.

## २. प्रत्येक लाइनचा फ्लो वेगळा काढा

सर्वांत जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे घाई करू नका.

सक्शन लाइन सोपी आहे: ४० लिटर. पंपापासून डायरेक्शन व्हॉल्व्हपर्यंतची प्रेशर लाइनही ४० लिटरची. पण व्हॉल्व्हच्या पुढे सिलिंडर येतो, आणि सिलिंडर एका बाजूने जेवढे ऑइल घेतो तेवढेच दुसऱ्या बाजूने सोडत नाही. रॉडच्या बाजूला रॉडनेच जागा खाल्लेली असते.

आपल्या सिलिंडरचे बोअरचे क्षेत्रफळ २०१ चौरस सेमी. रॉडचे ९५. म्हणजे रॉडच्या बाजूला उरले १०६. दोन्ही बाजूंचे गुणोत्तर जवळपास १.९.

रॅम खाली येताना पंपाचे ४० लिटर बोअरच्या बाजूला जातात आणि रॉडच्या बाजूने २१ लिटर बाहेर पडतात. रॅम वर जाताना उलटे होते: ४० लिटर रॉडच्या बाजूला शिरतात आणि बोअरच्या बाजूने ४० × १.९, म्हणजे ७६ लिटर प्रति मिनिट बाहेर ढकलले जातात. पंप ४० चा असला तरी टाकीकडे परतणारा प्रवाह ७६ चा आहे. रिटर्न लाइन, रिटर्न फिल्टर आणि व्हॉल्व्हचा टाकीकडचा मार्ग, तिन्ही या ७६ वर ठरवायचे.

पंपाच्या ४० वर ती लाइन ठरवली तर काय दिसते, ते मशीनजवळ उभे राहून पाहता येते. रॅम वर जाताना रिटर्न फिल्टरचा इंडिकेटर लालकडे सरकतो आणि रॅम खाली येताना पुन्हा हिरव्यात बसतो. एलिमेंट खरोखर चोंदलेले असेल तर काटा इतका स्वच्छ पुढे-मागे होत नाही, खाली येतानाही तो वर चढलेला राहतो. स्ट्रोकबरोबर डोलणारा काटा बहुतेक वेळा सांगतो की फिल्टर छोटा पडतो आहे. तरीही लोक एलिमेंट बदलत राहतात. शिवाय लाल असताना फिल्टरचा बायपास उघडतो, म्हणजे ज्या वेळी सर्वांत जास्त ऑइल परत येते त्याच वेळी ते गाळल्याविना टाकीत पडते.

सावधान: रिजनरेटिव्ह सर्किट असेल, किंवा अॅक्युम्युलेटर असेल, तर हा साधा गुणाकार पुरत नाही. अॅक्युम्युलेटर पंपाच्या कितीतरी पट फ्लो क्षणात सोडतो. तिथे त्या क्षणाचा फ्लो वेगळा काढून लाइन ठरवावी लागते.

## ३. वेग निवडा

मिनरल ऑइलसाठी प्रचलित मर्यादा अशा आहेत:

- सक्शन: ०.५ ते १ मीटर प्रति सेकंद. लाइन आखूड आणि सरळ असेल तर १.२, त्यापुढे नाही.
- रिटर्न: २ ते ३ मीटर प्रति सेकंद.
- प्रेशर: ५० बारपर्यंत ४, १०० बारच्या आसपास ४.५ ते ५, २०० बारच्या आसपास ५ ते ५.५, आणि त्याहून वर ६.

सक्शनचा आकडा इतका कमी का, हे समजले की तो कधी विसरला जात नाही. पंप ऑइल ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण खरे तर टाकीतल्या ऑइलवर हवेचा जो एक बार दाब असतो तो ऑइल पंपात ढकलतो. त्या एका बारमधून बहुतेक पंपांना फक्त ०.२ बार खर्च करण्याची परवानगी असते. प्रेशर लाइनमध्ये १८० बारमधले दोन बार गेले तर थोडी उष्णता वाढते, इतकेच. सक्शनमध्ये पाव बार गेला तर ऑइलमधली विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते आणि हे बुडबुडे पंपाच्या दाबाच्या बाजूला फुटून धातू खातात.

आपल्या प्रेससाठी सक्शन ०.८, प्रेशर ५ आणि रिटर्न २.५ धरू.

## ४. आतला व्यास काढा

सूत्र एकच आहे, दोन्ही दिशांनी वापरायचे:

```
d = 4.61 × √(Q / v)
v = 21.22 × Q / d²
```

यात Q लिटर प्रति मिनिट, v मीटर प्रति सेकंद आणि d मिलिमीटरमध्ये. d म्हणजे आतला व्यास. हे शेवटचे वाक्य कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सक्शनसाठी ४० ला ०.८ ने भागले तर ५०, त्याचे वर्गमूळ ७.०७, आणि व्यास ३२.६ मिमी. प्रेशर लाइनचा व्यास १३ मिमी. रिटर्नसाठी ७६ ला २.५ ने भागून व्यास येतो २५.४ मिमी. हीच रिटर्न पंपाच्या ४० वर काढली असती तर १८.४ मिमी आली असती आणि आपण सहा सुती पाईप लावून मोकळे झालो असतो.

एक लाइन अजून उरते आणि ती नेहमी विसरली जाते: व्हॉल्व्हपासून सिलिंडरच्या बोअरच्या बाजूला जाणारी. रॅम खाली येताना ती प्रेशर लाइन असते, ४० लिटरची. वर जाताना तीच परतीची लाइन होते, ७६ लिटरची. प्रेशर लाइनच्या हिशोबाने तिला १५ मिमी दिले तर परतताना वेग ७ मीटरच्या वर जातो. अशी दुतर्फा लाइन मोठ्या फ्लोवर आणि प्रेशर लाइनच्या वेगमर्यादेवर ठरवा. ७६ लिटर आणि ५ मीटर धरून १८ मिमी येतात.

ही लाइन बारीक राहिली तर तोटा दुप्पट होतो. बोअरच्या बाजूला ५ बार मागचा दाब तयार झाला, तर तो मोठ्या क्षेत्रफळावर बसतो आणि रॉडच्या बाजूला त्याला तोंड द्यायला ९.५ बार लागतात. रिकामा रॅम वर न्यायलाच पंपाचा गेज नको तेवढा चढतो तो यामुळे.

तपासणी: याच ७६ लिटरसाठी डायरेक्शन व्हॉल्व्हचा कॅटलॉगही उघडा. साइझ ६ चा व्हॉल्व्ह ‘४० लिटरला चालतो’ म्हणून निवडलेला असतो, पण परतीचे ७६ त्याच्या मर्यादेच्या काठावर किंवा बाहेर असतात. इथे साइझ १० लावणे योग्य.

## ५. बाजारातला पाईप निवडा

आता नागदेवी स्ट्रीटवर किंवा जवळच्या दुकानात काय मिळते ते पाहायचे. इथे तीन वेगवेगळ्या भाषा चालतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की घोटाळा होतो.

पाईप इंचात विकला जातो, पण तो इंच नावापुरता. एक इंची पाईपचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी असतो. शेड्यूल वाढले की बाहेरचा व्यास तोच राहतो आणि जाडी आत वाढते. अर्धा इंची शेड्यूल ८० चा आतला व्यास १३.९ मिमी, तर शेड्यूल १६० चा फक्त ११.८. दुकानदाराने ‘जाड आहे, चांगला आहे’ म्हणून १६० दिला, तर आपल्या प्रेशर लाइनचा वेग ४.४ वरून ६.१ वर जातो.

ट्यूब मिमीमध्ये आणि बाहेरच्या व्यासाने. १६ × २ म्हणजे आत १२.

होज आतल्या व्यासाने, डॅश नंबरने. डॅश १६ म्हणजे एक इंच, डॅश २० म्हणजे सव्वा इंच. पण होजच्या टोकाला क्रिम्प केलेल्या फिटिंगचे भोक होजपेक्षा लहान असते.

निवडीचा क्रम असा ठेवा: आधी आतला व्यास, मग दाबासाठी जाडी, मग त्या जाडीने उरलेला आतला व्यास पुन्हा सूत्रात घालून वेग. तिसरी पायरी गाळली जाते, म्हणून ती मुद्दाम सांगतो.

आपल्या प्रेसचे पाहू. सक्शनला सव्वा इंची शेड्यूल ४०, आत ३५ मिमी, वेग ०.६९. चांगले. एक इंची घेतला असता तर आत २६.६ मिमी आणि वेग १.२, म्हणजे मर्यादेच्या टोकावर.

प्रेशर लाइनला १६ × २ ट्यूबमध्ये वेग ५.९ येतो, नको. १८ × २ मध्ये आत १४ आणि वेग ४.३, हिशोबात अगदी बसते. पण १८ मिमी ट्यूब कटिंग रिंगच्या हलक्या, म्हणजे एल मालिकेत येते आणि १८ एल फिटिंगचा प्रमाण दाब १६० बार आहे. आपले काम १८० बारचे. काही उत्पादक त्यांच्या १८ एल ला जास्त दाब देतात, पण दुकानात डब्यातून सुटी मिळणारी फिटिंग कोणाची आहे हे कळत नाही. इथे एक पाऊल वर जाऊन जड, म्हणजे एस मालिकेतली २० × २.५ ट्यूब घ्या. आत १५ मिमी, वेग ३.८.

बोअरच्या बाजूच्या लाइनला २५ × ३ ट्यूब, आत १९, परतताना वेग ४.५. रिटर्नला एक इंची शेड्यूल ४०, आत २६.६, वेग २.३. रिटर्न फिल्टर १०० लिटरच्या खालचा घेऊ नका.

सावधान: गॅल्व्हनाइज्ड पाईप कुठेच लावू नका, रिटर्नलाही नाही. ऑइलमधल्या अॅडिटिव्हची जस्ताशी प्रक्रिया होते आणि सुटलेले कण सर्किटमध्ये फिरतात. पाण्याच्या लाइनचा उरलेला जीआय पाईप वापरायचा मोह इथेच होतो.

सावधान: सक्शनला होज लावायची असेल तर आत तारेचे वेटोळे असलेली, एसएई १०० आर ४ प्रकारची घ्या. साधी होज बाहेरून धडधाकट दिसते, पण ऑइल तापल्यावर आतले अस्तर मिटते.

## ६. सक्शन थंड ऑइलवर तपासा

वेगाची मर्यादा हा अंदाज आहे. तो ऑइल साधारण ४०–५० अंशांवर आहे असे मनात धरून केलेला असतो. प्रेशर आणि रिटर्नसाठी बहुतेक वेळा तेवढे पुरते. सक्शनसाठी पुरत नाही, म्हणून हा जास्तीचा टप्पा.

व्हीजी ६८ ची घनता ४० अंशांवर ६८ सेंटिस्टोक असते असे वर्कशॉपमध्ये म्हणतात. इथे घनता म्हणजे चिकटपणा, व्हिस्कॉसिटी. २० अंशांवर ती २०० च्या आसपास जाते, म्हणजे तिप्पट. सक्शन लाइनमध्ये प्रवाह संथ असल्याने दाबातली घट या सूत्राने काढता येते:

```
Δp = 0.28 × ν × v / d²
```

Δp म्हणजे एका मीटर लांबीमागे बार, ν सेंटिस्टोकमध्ये.

सव्वा इंची पाईपमध्ये २०० सेंटिस्टोकला ही घट मीटरमागे ०.०३ बार येते. एक इंची पाईपमध्ये ०.०९ पेक्षा थोडी जास्त, म्हणजे तिप्पट. पाईप नावाला पाव इंचाने लहान, आणि घट तीनपट.

आता पूर्ण लाइन मांडा. लांबी १.२ मीटर. पंप ऑइलच्या पातळीच्या अर्धा मीटर वर आहे, त्याचे ०.०४ बार जातात. स्ट्रेनरसाठी ०.०५ राखून ठेवा. एक इंची पाईपची बेरीज ०.२ होते, म्हणजे एल्बो आणि अर्धवट चोंदलेला स्ट्रेनर धरण्याआधीच मर्यादा संपली. सव्वा इंचीची बेरीज ०.१३. एल्बोंना आणि स्ट्रेनरवर बसणाऱ्या कचऱ्याला जागा उरली. ‘१.२ मीटरचा वेग चालतो’ हा आकडा पुस्तकात बरोबर असूनही या प्रेसवर, जानेवारीच्या सकाळी, का चालत नाही ते इथे दिसते.

बेरीज ०.१५ च्या पुढे गेली तर पाईप आणखी मोठा करण्याआधी पंपाची जागा बदलता येते का ते बघा. पंप टाकीखाली किंवा बाजूला ऑइलच्या पातळीखाली बसवला, तर जाणारे ०.०४ उलट मिळू लागतात.

## ७. बांधताना आणि पहिल्यांदा चालवताना

पोर्ट एक इंची आणि लाइन सव्वा इंची असेल तर रिड्यूसर पंपाला लागूनच लावा, टाकीकडे नाही. सक्शनचा बॉल व्हॉल्व्ह फुल बोअर आहे का ते भोकातून आरपार पाहून घ्या. कमी भोकाचा व्हॉल्व्ह सगळी मेहनत एका जागी वाया घालवतो. कापलेल्या पाईपच्या आतली कड रीमरने साफ करा. कटरने कापलेल्या पाईपची कड आत वळते. व्हर्नियर आधी कडेवर आणि मग जरा खोल घालून पाहिलात तर फरक लगेच दिसतो.

रिटर्न पाईप ऑइलच्या पातळीखाली उतरवा आणि टोक ४५ अंशांत कापून टाकीच्या भिंतीकडे वळवा. वरून पडणारे ऑइल फेस करते आणि तो फेस सक्शनपर्यंत पोचतो. पिस्टन पंप असेल तर त्याची ड्रेन लाइन या रिटर्नमध्ये कधीही जोडू नका. ७६ लिटरचा धक्का पंपाच्या शाफ्ट सीलवर बसतो.

सक्शन पोर्टजवळ पाव इंची टॅपिंग आधीच ठेवा. पहिल्या दिवशी सकाळी, मशीन थंड असताना, तिथे व्हॅक्यूम गेज लावून पंप चालू करा. काटा ०.१ ते ०.१५ बारपर्यंत गेला तर ठीक. ०.२ म्हणजे पाऱ्याचे १५० मिमी. ते ओलांडले तर पंप बंद करा आणि आधी स्ट्रेनर, मग व्हॉल्व्ह पाहा. त्याच दिवशी ऑइल तापल्यावर पुन्हा वाचा आणि दोन्ही आकडे टाकीवर रंगाने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आकडा वाढला तर स्ट्रेनर साफ करायची वेळ झाली, हे कोणाला विचारावे लागणार नाही.

चालू मशीनवर आवाज येत असेल तर कारण वेगळे करायची पद्धत अशी. सकाळी पंप खडे दळल्यासारखा वाजतो आणि तासाभरात गप्प होतो, तर लाइन बारीक आहे किंवा स्ट्रेनर चोंदला आहे. व्हॅक्यूमचा आकडाही वाढलेला दिसेल. आवाज दिवसभर तसाच राहतो, टाकीतले ऑइल दुधाळ दिसते आणि व्हॅक्यूम मात्र नेहमीइतकाच किंवा कमी आहे, तर कुठल्या तरी जॉइंटमधून हवा शिरते आहे. प्रत्येक सक्शन जॉइंटवर थोडे ऑइल ओता. ज्या जॉइंटवर ओतल्यावर आवाज क्षणभर बदलतो तो जॉइंट दोषी. या दुसऱ्या प्रकारात पाईप मोठा करून काहीही फरक पडत नाही.

रिटर्नसाठी फिल्टरच्या आधी ० ते १० बारचा गेज लावा आणि रॅम वर जाताना वाचा, खाली येताना नाही. गरम ऑइलवर आणि नव्या एलिमेंटवर काटा एक-दीड बारच्या पुढे चढत असेल, तर लाइनचा आतला व्यास आणि फिल्टरचा फ्लो दोन्ही ७६ लिटरवर पुन्हा तपासा.